मे महिन्यात आलेली 'अर्ली बुकिंग'ची जाहिरात उशिराचीच असते

वॉटरप्रूफिंग आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी जाहिरातीचा मजकूर लिहिणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे. दर उन्हाळ्यात एखाद्या क्लायंटचा तोच निरोप येतो. "सोसायटी कमिट्यांना पाठवायचंय. १५ मेपर्यंत बुक केलं तर २० टक्के सूट. जरा कडक लिहा." पुढे छत्रीचं चित्र, गळणारं छत, खाली मोबाईल नंबर. हे मला पटत नाही. कारण शैलीचं नाही, तारखांचं आहे.

कमिटी म्हणजे एक गिऱ्हाईक नव्हे. सेक्रेटरीला जाहिरात कितीही आवडली तरी तो एकटा काही बुक करू शकत नाही. उपविधींमध्ये कमिटीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर किती खर्च करता येईल याची मर्यादा असते आणि गच्चीचं काम बहुतेक वेळा तिच्या वर जातं. मग विशेष सर्वसाधारण सभा, तिची पाच पूर्ण दिवसांची नोटीस, त्याआधी तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, आणि सभेत 'तिसऱ्या मजल्यावरचे काका' विचारणार ते प्रश्न. सूट सेक्रेटरीला दिसते, पण सभेत त्याला उत्तरं द्यायची असतात. तुमच्या मजकुरात त्या उत्तरांचं काहीच नसतं.

आता तारखा उलट्या मोजून बघा. समजा डोंबिवलीतली एक सोसायटी आहे, खाली दुकानं, वर ३२ फ्लॅट, गच्ची साधारण ३,२०० चौरस फूट. त्यावर विटांच्या तुकड्यांचा जुना ब्रिकबॅट कोबा आहे, त्याच्यावर केमिकल कोटिंग करायचंय. मुंबई परिसरात पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो, पण २०२५ साली तो २६ मेलाच मुंबईत पोहोचला. तेव्हा शहाण्या माणसाने काम २० मेला संपेल असं धरावं. शेवटचा टप्पा म्हणजे गच्चीवर पाणी साठवून ४८ तास ठेवणं, खालच्या फ्लॅटची छतं तपासणं, ओल दिसली तर सुकवून तेवढा भाग पुन्हा करणं. त्याला चार-पाच दिवस. त्याआधी कोटिंगचे दोन हात, मधला वेळ, आणि पाणी भरण्याआधीचं क्युअरिंग धरून एक आठवडा. त्याच्याही आधी पोकळ वाजणारा कोबा काढणं, भेगा उघडून भरणं, पॅरापेट आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारणं आणि ते सिमेंटकाम पिकवणं. याला दहा-बारा दिवस कमीत कमी. म्हणजे कामगार २५ एप्रिलच्या सुमाराला गच्चीवर हवेत. वर्क ऑर्डर आणि ॲडव्हान्स एप्रिलच्या मध्याला, सभा त्याच्या आधी, पाहणी आणि कोटेशनं मार्चमध्ये.

मग जाहिरात कधी पोहोचायला हवी? फेब्रुवारीअखेर. मेमधली 'अर्ली बुकिंग'ची जाहिरात खरं तर घाईच्या कामाची जाहिरात आहे.

आणि घाईत काय होतं ते या धंद्यातले सगळे जाणून आहेत. वळवाची एक सर पडून गेली की वरून गच्ची दुपारपर्यंत कोरडी दिसते, पण कोब्याच्या पोटात पाणी तसंच असतं. त्यावर कोटिंग मारलं की ऊन लागल्यावर आतल्या ओलीची वाफ होते आणि थर फुगे धरून सुटतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. साधारण दीड फूट लांबी-रुंदीचं जाड प्लॅस्टिक गच्चीवर ठेवून चारी कडा टेपने बंद करायच्या, रात्रभर ठेवायचं. सकाळी खालून थेंब जमले असतील किंवा जमीन काळपट झाली असेल तर त्या दिवशी कोटिंग नाही. मी क्लायंटला म्हणते, ही चाचणी जाहिरातीत लिहा. ज्या सेक्रेटरीने ती एकदा वाचली तो कोटेशन देणाऱ्या इतर दोघांनाही तोच प्रश्न विचारणार.

पाणी साठवायच्या टप्प्याचंही तसंच. ३,२०० चौरस फुटांवर सरासरी एक इंच पाणी म्हणजे साडेसात हजार लिटर. मेमध्ये, पाणीकपातीच्या दिवसांत, ते कुठून आणणार? टँकरचे पैसे कोण देणार? कोटेशनमध्ये हे लिहिलेलं नसेल तर चाचणी गुपचूप गाळली जाते, आणि सोसायटीही ओरडत नाही, कारण टँकर वाचतो.

आणखी एक गोष्ट मजकुरात हवी, जी विक्रीच्या विरुद्ध वाटते: तुमची गळती गच्चीची आहे का? पाऊस थांबल्यावरही एक-दोन दिवस वरच्या मजल्याच्या छतातून ठिबकत असेल तर बहुधा गच्ची. वाऱ्यासोबत तिरका पाऊस आला तरच भिंत ओली होत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग किंवा खिडकीची चौकट. जानेवारीतही डाग ओला असेल तर वरच्या फ्लॅटचं न्हाणीघर किंवा पाण्याची टाकी. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात गच्चीवर लाखो रुपये ओतून उपयोग नाही. शिवाय न्हाणीघराची गळती बहुतेक त्या सभासदाच्या खर्चाची असते, सोसायटीच्या नाही, आणि सभेत भांडण नेमकं यावरून पेटतं. हे चार ओळींत सांगणाऱ्या कंपनीला पाहणीला बोलावलं जातं.

आता पेस्ट कंट्रोल. 'वॉटरप्रूफिंग + पेस्ट कंट्रोल मान्सून कॉम्बो' हा प्रकार मला मुळात खटकतो, कारण दोघांची पंचांगं वेगळी आहेत. वाळवीचं काम पावसाआधी करण्याला खरं कारण आहे. इमारतीच्या कडेने साधारण फुटाफुटावर भोकं पाडून औषध मुरवतात, आणि चिखल झालेली जमीन औषध नीट पीत नाही. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे दिसले की सगळे जागे होतात, पण तोवर बाहेरच्या कामाची चांगली वेळ गेलेली असते. उंदरांसाठी पिंजरे आणि बिळांची पाहणीही मेमध्येच, कारण बिळात पाणी शिरलं की ते जिन्याखाली येतात. झुरळांच्या जेलचं मात्र एप्रिलमध्ये आगाऊ बुकिंग करून काय मिळवायचं? त्याचा असर काही महिन्यांचाच. ड्रेनेजच्या चेंबरमधली फवारणी तर पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते. ती जूनच्या आधी करून 'पावसाळाभर संरक्षण' लिहिणं मी नाकारते. वर्षाचा करार असेल तर भेटींच्या तारखा छापा, आणि परवाना क्रमांक छापा. कीटकनाशकांचं काम धंदा म्हणून करायला परवाना लागतो हे बऱ्याच कमिट्यांना माहीतच नसतं.

गॅरंटीबद्दल थोडक्यात. 'दहा वर्षं लेखी गॅरंटी' वाचून कुणी भुलत नाही आता. त्यापेक्षा ती कशाने रद्द होते ते लिहा. डिश अँटेना किंवा सोलरच्या स्टँडसाठी कुणी गच्चीत भोक पाडलं तर काय, हे आधीच सांगितलं की सोसायटी स्वतःच सभासदांना नोटीस लावते.

मी या वर्षी एका क्लायंटला लिहून दिलेला मजकूर असा होता: "गच्चीची पाहणी मार्चमध्ये, मोफत. कोटेशनसोबत सभेत वाटण्यासाठी एक पानी माहिती. ४८ तासांची पाण्याची चाचणी तुमच्या प्रतिनिधीसमोर, टँकर आमचा. शेवटचे १० टक्के पैसे पावसाळा संपल्यावर. ५ मेनंतर नवीन गच्ची सुरू करत नाही."

बाकी सगळं त्याने मान्य केलं. शेवटचं वाक्य काढा म्हणाला, मेमध्ये फोन येतात ते कशाला सोडायचे. मी ते वाक्य ठेवण्यावर अडून आहे. मेमध्ये फोन करणाऱ्यांना तो ताडपत्री आणि तात्पुरती डागडुजी देऊ शकतो, त्याचा दर वेगळा लावावा आणि पक्कं काम ऑक्टोबरनंतरचं, गच्ची सुकल्यावरचं, म्हणून आताच लिहून घ्यावं.