जांभई देणारा कुत्रा निवांत असतो?

"अनोळखी माणूस जवळ वाकला की कुत्रा जांभई देतो, म्हणजे तो निवांत आहे. ओठ चाटतो, म्हणजे खाऊ मागतोय. तोंड फिरवतो, म्हणजे लाजतोय. बिनधास्त डोक्यावरून हात फिरवा."

आधी जांभई. झोपेतून उठलेला कुत्रा जांभई देतो, ती झोपेचीच. माणसाला जांभई देताना पाहून काही कुत्रे जांभई देतात, हेही खरं. पण आमची भुरी चांगली दोन तास झोपून, ताजीतवानी होऊन जिन्यात उभी होती. तळमजल्यावरच्या काकू "कित्ती गोड" म्हणत तिच्यावर वाकल्या आणि तिने लगेच जांभई दिली. कान मागे गेलेले, अंगाचा भार मागच्या पायांवर. दोन सेकंदांत झोप कुठून येणार? नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत कुत्र्यांना मुद्दाम ताण देऊन पाहिलं होतं: समोर अचानक छत्री उघडणं, धरून खाली दाबणं वगैरे. हे करणारा माणूस जवळ दिसत असताना त्यांच्यात जांभया आणि तोंड चाटणं दिसलं.

ओठ चाटण्याचं तसंच. खाऊ दिसला की जीभ सावकाश, ओठांच्या कडेने फिरते, आणि नजर खाऊवर असते. ताणातली जीभ टोकापुरती बाहेर येऊन नाकाला लागते आणि क्षणात आत जाते. फोटोत ती सहसा सापडत नाही. काकूंच्या हातात तर काहीच नव्हतं.

तोंड फिरवण्याला लाज म्हणणं मात्र मला सगळ्यात महागात पडणारं वाटतं. वरून येणारा चेहरा, रोखलेली नजर, डोक्यावर येणारा हात, हे सगळं कुत्र्याला अंगावर आल्यासारखं वाटतं. तोंड फिरवून तो 'भांडण नको, जरा लांब हो' असं सांगतो. तेवढ्याने भागलं नाही तर तो मागे सरकतो, मग ताठरतो, गुरगुरतो. पट्टा आखडलेला असेल तर मागे सरकायलाही जागा नसते, म्हणून मधल्या पायऱ्या गळतात आणि लोक म्हणतात, "काही न करता चावला." चेहऱ्यावर कुत्रा चावल्याच्या १३२ घटनांचा चेक संशोधकांनी अभ्यास केला, तर ७६ टक्के वेळा माणूस त्याआधी कुत्र्यावर वाकलेला होता.

आता तो "बिनधास्त" सल्ला. शंका असेल तर एक पाऊल मागे घ्या, अंग बाजूला वळवा, नजर दुसरीकडे न्या. जांभया आणि चाटणं लगेच थांबलं, तर कारण तुम्हीच होतात. (थांबलं नाही तर उकाडा, मळमळ, दातदुखी, असंही काही असू शकतं. वरचेवर होत असेल तर पशुवैद्यांना दाखवा.) काकूंना मी पायरीवर, भुरीकडे पाठ अर्धी वळवून बसायला सांगितलं. दोनेक मिनिटांनी भुरीने येऊन त्यांची पिशवी हुंगली. मग छातीवर तीन सेकंद खाजवून हात काढायचा. ती पुढे सरकली तरच पुन्हा. त्या दिवशी ती सरकली नाही. काकू जरा हिरमुसल्या, पण उठून गेल्या.