बागेचं स्टेटस 24 तासांत जातं, त्यातली नोंद तरी ठेवा

सध्या आमच्या निफाड तालुक्यात कुणाच्या द्राक्षबागेत काय चाललंय हे कळायला बांधावर जायची गरज नाही. गोडी छाटणी झाली की सगळ्यांचे व्हॉट्सॲप स्टेटस सुरू. कुणाचा पोंगा, कुणाचे घड, कुणाचं डिपिंग. हौस म्हणून टाकतात, पण खाली दोन ओळी लिहितात त्या बहुतेकांच्या वहीतसुद्धा नसतात. माझं म्हणणं त्या दोन ओळींबद्दल आहे.

आमच्या आत्याच्या मुलाचं उदाहरण घ्या. विहिरीवरच्या थॉमसनची छाटणी 4 ऑक्टोबरला. 31 ऑक्टोबरला त्याने पानाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: "27 वा दिवस. परवा रात्री पाऊस, सकाळी दव. खालच्या कोपऱ्यात डाऊनी दिसली, वरच्या ओळी साफ." पुढच्या हंगामात याच ओळीला किंमत आहे. पाणी कुठे साचतं, रोग आधी कुठल्या कोपऱ्यात येतो, कितव्या दिवशी येतो, सगळं त्यात आलं. दुसऱ्या दिवशी स्टेटस गेलं. गॅलरीत राहिला तो पानाचा फोटो. कुठल्या प्लॉटचं पान, ते फोटो बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"फोटो आहे की मोबाईलमध्ये" म्हणणारे इथेच फसतात. फोटोच्या खाली टाईप केलेलं कॅप्शन फोटोचा भाग नसतं, ते वेगळं राहतं. नुसता फोटो गॅलरीत सेव्ह केला तर कॅप्शन येत नाही. फोटोवरच अक्षरं टाकली असतील तर ती त्यात पक्की बसतात, पण तसं लिहितं कोण? आणि रंगीत पाटीवर नुसता मजकूर टाकला असेल तर गॅलरीत काहीच नसतं.

तारखेचंही तसंच. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतून कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ निघून जाते. अँड्रॉइडवर फाईलला IMG-20241031-WA0007.jpg असं नाव पडतं, त्यातली तारीख व्हॉट्सॲपवरची, फोटो काढल्याची नव्हे. परवाचा फोटो आज टाकला तर नावात आजची तारीख. म्हणून तारीख किंवा छाटणीपासूनचा दिवस हाताने लिहायचाच.

स्क्रीनशॉट हा सगळ्यात सोपा उपाय, पण कॅप्शन लांब असेल तर ते अर्धंच दिसतं, आधी उघडून मग काढावा लागतो. व्हिडिओला तर त्याचा उपयोगच नाही. मला पटलेली पद्धत उलटी आहे. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःच्याच नंबरवर मेसेज पाठवता येतो. फोटो आणि दोन ओळी आधी तिथे टाकायच्या, मग तोच मेसेज फॉरवर्ड करून 'माय स्टेटस' निवडायचं. फॉरवर्ड करताना कॅप्शन सोबत जातंय ना, एवढं बघायचं. स्टेटस उद्या जाईल, मूळ मेसेज जागेवर राहील. पुढच्या वर्षी त्या चॅटमध्ये 'डाऊनी' शोधलं की तारखेसकट सगळ्या नोंदी समोर. फक्त शब्द दरवेळी तोच वापरा, एकदा 'डाऊनी' आणि एकदा 'केवडा' लिहिलं तर अर्ध्याच सापडतात.

आधीच टाकलेलं आणि अजून 24 तास न झालेलं स्टेटस असेल तर 'माय स्टेटस'मध्ये जाऊन ते स्वतःच्या नंबरवर फॉरवर्ड करा. कुणी कुणी पाहिलं ती यादी मात्र येत नाही, आणि खरं सांगायचं तर बागेला तिचा काही उपयोग नाही.

उपयोगाची असतात ती उत्तरं. स्टेटसवर कुणी जाणत्याने "आजच फवारा, उद्या पाऊस आहे" असं लिहिलं तर ते त्याच्या चॅटमध्ये राहतं. पण आठवड्याने त्यावर बोट ठेवलं तर मूळ स्टेटस उघडत नाही. वर एवढासा फोटो दिसतो आणि खाली उत्तर. कशावर काय मारायला सांगितलं होतं ते आता कोण सांगणार? असं उत्तर आलं की लगेच स्वतःच्या चॅटमध्ये, त्याच नोंदीखाली टाकून द्यायचं.

मोबाईल विहिरीत पडला तर (आमच्याकडे पडतात) हे सगळं जाईल, म्हणून चॅट बॅकअप चालू ठेवा. अँड्रॉइडवर तो आता गूगलच्या फुकटच्या 15 जीबीत मोजला जातो. ती जागा भरली की बॅकअप अडतो, म्हणून शेवटचा कधी झाला ते सेटिंगमध्ये जाऊन बघत जा.

इन्स्टाग्रामवाल्या पोरांना ही कटकट नाही. तिथे 2017 पासून स्वतःच्या स्टोऱ्या अर्काइव्हमध्ये आपोआप जमा होतात, सेटिंग बंद केली नसेल तर. पण आमचे सल्लागार, मजूर टोळीचे मुकादम, व्यापारी सगळे व्हॉट्सॲपवर, त्यामुळे बागेचं स्टेटस तिथेच पडणार. निर्यातीसाठी फवारणीची नोंदवही वेगळी ठेवावीच लागते, तिची जागा हे घेणार नाही. पण त्या वहीत औषध, मात्रा आणि तारीख असते, "वरच्या ओळी साफ" असं कुणी लिहीत नाही. यंदा ज्यांची छाटणी व्हायची आहे त्यांनी पहिल्या फोटोखाली प्लॉटचं नाव आणि छाटणीची तारीख टाकूनच सुरुवात करा. गुड मॉर्निंगची फुलं खुशाल जाऊ द्या.