धार, फट आणि आपली प्रतिक्रिया

वाचकाची प्रतिक्रिया: «तुमच्या लेखाप्रमाणे केस कापायच्या मशीनची पाती सोडवली, ब्रशने झाडली, तेल घातले, स्क्रू आवळले. मशीन आता केस ओढत नाही, पण कापतही नाही. पाते हलताना दिसते आणि केस नुसते वाकतात. धार गेली की पाती बदलायची, एवढी साधी गोष्ट इतकी लांबवण्याची गरज नव्हती. खोबरेल तेलाला नावे ठेवण्याचे कारणही कळले नाही. मुळात तुम्ही न्हावी आहात का?»

उत्तर:

महोदय,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो विचारण्यासाठीच बाकीचे लिहिले असावे असे वाटते. मी न्हावी नाही. माझे मामा होते. परळला एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचे दोन खुर्च्यांचे सलून होते आणि शाळेच्या सुट्टीत रविवारची माझी जागा तिसऱ्या स्टुलावर असे. पाच-सहा डोकी झाली की मशीन माझ्या हातात येई. दात झाडायचे, तेलाचे थेंब सोडायचे आणि मशीन परत द्यायची, एवढेच माझे काम. त्यामुळे कैची धरण्याचा अधिकार मी कधीही सांगितलेला नाही, पण मशीन का चावते हे मला आपल्या प्रतिक्रियेच्या आधीपासून ठाऊक आहे.

लेख लांब होता, हे मान्य. यापुढे काळजी घेईन.

आता आपले ते ‘साधे’ वाक्य. आदल्या दिवशीपर्यंत आपली मशीन ओढत का होईना, पण कापत होती. आपण ती उघडली, साफ केली, परत जोडली आणि ती कापेनाशी झाली. धार महिनोन्महिने हळूहळू जाते. जुन्या टूथब्रशने झाडल्यामुळे ती एका संध्याकाळीत जात नाही. त्या संध्याकाळी बदलली ती पात्यांची जोडणी. ज्या निरीक्षणावरून आपण धारेला दोषी ठरवले, तेच निरीक्षण धारेला निर्दोष सोडते, हे लिहिण्यापूर्वी लक्षात आले असते तर बरे झाले असते.

केस कापायची मशीन वस्तऱ्यासारखी कापत नाही, कैचीसारखी कापते. खालचे पाते स्थिर असते, वरचे त्याच्यावर घासत डावी-उजवीकडे हलते आणि केस दोघांच्या दातांमध्ये सापडून तुटतो. कैचीचा मधला स्क्रू सैल झाला की नवी कोरी कैचीसुद्धा कापड कापण्याऐवजी दुमडून घेते, हे घरात शिवण करणारे कोणीही सांगेल. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. दोन पात्यांमध्ये तेवढी फट पडली की केस तुटण्याऐवजी आडवा होऊन फटीत शिरतो. फट बारीक असेल तर तो तिथे अडकतो आणि मशीन पुढे नेताना उपटला जातो. तीच ती ‘ओढणारी’ मशीन. फट मोठी झाली की केस अडकतही नाही, वाकून निघून जातो. म्हणजे आपल्या मशीनमध्ये आधी बारीक फट होती आणि आपण ती मोठी केली.

आधीची फट बहुधा मागच्या पट्टीखाली होती. हलते पाते पुढे दातांवर आणि मागे एका अरुंद पट्टीवर टेकते. पुढचे दात सगळेच झाडतात, कारण ते दिसतात. मागच्या पट्टीखाली मात्र केसांचा चुरा, कोंडा आणि जुने तेल यांचा खरवडीसारखा थर बसतो. तेवढ्याने पाते उचलले जाते. पाती सुटी केल्याशिवाय तो थर निघत नाही, म्हणून मी ती सोडवायला सांगितली होती, लेख लांबवण्यासाठी नव्हे.

नंतरच्या मोठ्या फटीची कारणे दोन संभवतात. एक म्हणजे हलत्या पात्यावर दाब देणारी स्प्रिंग. तिचे दोन्ही पाय आपापल्या भोकांत बसले नाहीत तर पाते हलते, पण दबत नाही. मशीन बंद करून, वायर काढून, हलते पाते नखाने किंचित उचलून पाहावे. ते जोर लावून परत बसले पाहिजे, ढिलेपणाने डुगडुगता कामा नये. दुसरे म्हणजे पात्याची बाजू. काही मशीनमध्ये ते उलटेही बसू शकते. घासून चकचकीत केलेली बाजू स्थिर पात्याकडे हवी. हे मी लेखात लिहिले नव्हते, कारण ते उघड आहे असे मला वाटले होते. ही एवढी उणीव माझ्या पदरात घेतो.

दोन्ही ठीक करून दात जुळवावेत. दोन्ही स्क्रू अर्धवट सैल ठेवावेत आणि हलत्या पात्याचे दात स्थिर पात्याच्या टोकांपेक्षा साधारण पाऊण मिलिमीटर मागे, दोन्ही कडांना सारख्याच अंतरावर आणावेत. एटीएम कार्डाची जाडी जवळपास तेवढीच असते. नजरेला तो अंदाज पुरतो. मग स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत, कारण एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेले की पाते तिरके सरकते. हलते दात बरोबरीत किंवा पुढे आले तर कातडी कापली जाते, तेव्हा ‘झिरो’चा हव्यास घरी नको. खटकन बसणाऱ्या तयार पात्यांत हे स्क्रू नसतात. तिथे जुळवण्यासारखे काही नाही, फक्त पूर्ण दाबून बसवावे.

मग कोरड्या, तेल न लावलेल्या केसांच्या बटेवर डावी, मधली आणि उजवी बाजू वेगवेगळी चालवून पाहावी. एकच बाजू कापत नसेल तर पाते तिरके आहे किंवा स्प्रिंगचा एक पाय सुटला आहे. पाती स्वच्छ आहेत, दाब आहे, दात सरळ आहेत आणि तरीही सगळीकडे केस वाकतात, अशी वेळ आली तर धार गेली म्हणावे आणि दोन्ही पाती जोडीनेच बदलावीत, कारण ती एकमेकांवर घासून झिजलेली असतात.

घाईने धारेला दोष देण्याची किंमत मामांनी मोजली आहे. एकदा मशीन चावू लागली म्हणून त्यांनी पाती धार लावणाऱ्याकडे दिली. त्याने ती सुरीसारखी सहाणेच्या चाकावर धरली. या पात्यांचा घासणारा भाग दात आणि पट्टी एकाच वेळी टेकतील असा अचूक घासलेला असतो. चाकाने तो वाकडातिकडा झाला आणि जोडी कायमची वाया गेली. नवी जोडी बसवताना मामांना स्प्रिंगखाली केसांचा एक गुंता सापडला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

राहिले खोबरेल. ते डोक्याला लावावे. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजते आणि जानेवारीच्या पहाटे मुंबईतही बाटली गोठलेली आपण पाहिली असेल. पात्यांमध्ये तेच होते, वर केसांचा चुरा त्यात चिकटतो. शिलाई मशीनचे पातळ तेल दातांवर दोन-तीन थेंब आणि मागच्या कोपऱ्यांवर एकेक सोडावे, दात खाली करून मशीन दहा सेकंद चालवावी आणि जास्तीचे पुसावे.

पाते उलटे बसलेले निघाले तर तेही इथेच लिहावे. स्वर हाच राहिला तरी चालेल.