काळी पट्टी मारली म्हणजे आकडा गेला, असं नाही

अर्जांसोबत आलेली कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम. त्या खुर्चीतून दिसतं ते सांगते. लोक जे पाठवतात त्यातलं बहुतेक आम्ही वाचतच नाही. पण न वाचलेलंही आमच्याकडे साठून राहतं. मेलमध्ये, सर्व्हरवर, कुणाच्या तरी डाउनलोड फोल्डरमध्ये.

भाड्याच्या घरासाठी आलेला अर्ज घ्या. तपासणाऱ्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात: स्टेटमेंट अर्जदाराचंच आहे का, आणि गेले तीन महिने पगार जमा झालाय का. येतं काय, तर बँकेचं अख्खं चौदा पानी स्टेटमेंट. त्यात पूर्ण खाते क्रमांक, ग्राहक क्रमांक, पत्ता, दवाखान्याची बिलं, कुठल्या संस्थेला देणगी दिली ते, आणि ज्यांना पैसे पाठवले त्यांची नावं नि कित्येकदा त्यांचे खाते क्रमांकही. ही शेवटची मंडळी तर या व्यवहारात कुठेच नाहीत. त्यांना कुणी विचारलेलंही नाही.

म्हणून माझं मत असं, की ‘यातलं काय लपवू?’ हा प्रश्नच उलटा आहे. तो विचारला की चौदा पानं समोर घेऊन बसावं लागतं आणि काहीतरी नजरेतून सुटतंच. ‘समोरच्याला नक्की काय पडताळायचंय?’ इथून सुरुवात केली तर काम फार लहान होतं.

वरच्याच स्टेटमेंटवर करून बघू. पहिल्या पानावर नाव आणि कालावधी आहे, ते पान हवं. पगाराच्या नोंदी समजा दुसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या पानावर आहेत. म्हणजे चार पानं. बाकीची दहा पाठवायचीच नाहीत. ‘१४ पैकी ६’ असे पानांचे क्रमांक मात्र तसेच राहू द्या, म्हणजे मधली पानं तुम्ही जाणूनबुजून वगळलीत हे उघड दिसतं आणि शंकेला जागा राहत नाही. मेलमध्ये एक ओळ लिहा: ‘पगाराच्या नोंदी असलेली पानं जोडली आहेत, इतर व्यवहार झाकले आहेत.’ आता या चार पानांवर ठेवायचं काय? नाव, बँकेचं नाव, कालावधी, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि पगाराच्या तीन ओळी: तारीख, पैसे कुणाकडून आले, रक्कम. बाकी सगळं झाकायचं. खाते क्रमांक प्रत्येक पानाच्या डोक्यावर किंवा तळाशी पुन्हा छापलेला असतो. पहिल्या पानावर झाकून पुढच्या पानांवर तसाच सोडलेला मी कितीदा तरी बघते.

इथे एक गंमत आहे, जी लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. खर्चाची रक्कम झाकली, पण शेजारचा शिल्लक रकमेचा रकाना उघडा ठेवला, तर काहीच झाकलेलं नसतं. वरच्या ओळीत शिल्लक ४२,३०० आणि खालच्या ओळीत ३९,८०० दिसत असेल, तर झाकलेला खर्च २,५०० हे शाळेतलं पोरही सांगेल. शिल्लक मागितली नसेल तर तो रकाना पूर्ण झाकावा. मागितली असेल तर महिनाअखेरची तेवढी ठेवावी.

आता झाकायचं कसं. खरा घोळ इथेच होतो.

पीडीएफवर काळा चौकोन काढला की तो मजकुराच्या वर ठेवलेली एक वेगळी वस्तू असतो. खालची अक्षरं फाइलमध्ये जशीच्या तशी असतात. माउसने निवडा, कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा, सगळं बाहेर. हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दाखल केलेल्या कागदात हेच झालं होतं. काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी कॉपी-पेस्ट करून वाचला. जानेवारी २०२१ मध्ये युरोपियन कमिशनने अॅस्ट्राझेनेकाबरोबरचा लसखरेदीचा करार काही भाग झाकून प्रसिद्ध केला, तर झाकलेल्यातलं काही पीडीएफच्या बुकमार्कमध्ये वाचता येत होतं. पानावर नीट झाकलेलं, आणि बाजूच्या पट्टीत उघडं.

मोबाइलवरची तऱ्हा आणखी वेगळी. फोटोवर रेघोट्या मारायला लोक जाड पेन म्हणून हायलायटर निवडतात. तो अर्धपारदर्शक असतो. चार-पाच वेळा फिरवला की डोळ्याला काळा दिसतो, पण फोटोची ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवली की खालचे आकडे हळूहळू वर येतात. धूसर करण्यावरही माझा भरवसा नाही. आकडे दहाच असतात आणि छापाचा फाँट ठरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक आकडा तसाच धूसर करून ताडून बघता येतो. झाकायचं तर ठोस रंगाच्या भरीव चौकोनाने झाका.

मी सुचवते ती पद्धत साधी आहे. आधी हवी ती चारच पानं नव्या पीडीएफमध्ये काढा. त्यावर भरीव चौकोन ठेवा. मग प्रत्येक पान चित्र म्हणून, म्हणजे पीएनजी किंवा जेपीजी म्हणून एक्सपोर्ट करा आणि त्या चित्रांची नवी पीडीएफ बनवा. चित्रात चौकोनाखाली काही उरत नाही, तिथे फक्त काळे ठिपके असतात. साधारण २०० डीपीआय ठेवलं तर अक्षर स्वच्छ वाचता येतं आणि फाइलही फार फुगत नाही. लिबरऑफिसमध्ये यासाठी Redact नावाची सोय आहे, तीही पानांची चित्रं करूनच काम करते. अॅक्रोबॅटच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत खूण करणं आणि लागू करणं अशा दोन पायऱ्या आहेत. दुसरी पायरी केली नाही तर पहिलीचा उपयोग शून्य. आणि हे सगळं आपल्याच मशीनवर करा. खाते क्रमांक लपवण्यासाठी अख्खं स्टेटमेंट कुठल्या तरी मोफत वेबसाइटवर चढवणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही.

पाठवण्याआधी तपासणी. फाइल उघडा, सगळं निवडा, कॉपी करा आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पेस्ट करून बघा. ज्यांना कमांड चालवता येते त्यांनी झाकलेल्या भागातले सलग आकडे शोधावेत. समजा ते ७३०५ आहेत:

```
pdftotext arj.pdf - | grep 7305
```

काही छापून आलं तर आकडा अजून आत आहे. काही आलं नाही तरी लगेच निश्चिंत होऊ नका. क्रमांक मध्ये जागा सोडून छापलेला असेल तर हा शोध त्याला चुकवतो, म्हणून आडनावही शोधून बघा. पानांची खरंच चित्रं झाली असतील तर तेही सापडता कामा नये. स्कॅन केलेल्या कागदाचं आणखी एक दुखणं आहे. बरीच स्कॅनर अॅप चित्राच्या मागे ओळखलेल्या अक्षरांचा अदृश्य थर ठेवतात. चित्रावर पट्टी बसते, मागचा थर तसाच. वरच्या तपासणीत तो नेमका सापडतो. सगळ्यात शेवटी फाइलचं नाव बघा. कित्येक बँका स्टेटमेंटच्या फाइलला खाते क्रमांकाचंच नाव देतात. आत सगळं चोख झाकलेलं आणि नावातच पूर्ण क्रमांक, असं प्रकरण आमच्याकडे नवीन नाही.

ओळखपत्रांत वेगळा सापळा असतो. तिथे एकच माहिती दोन-तीन ठिकाणी असते. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात, बाणांच्या खुणांनी भरलेल्या. त्यातली दुसरी ओळ पासपोर्ट क्रमांकानेच सुरू होते. पुढे राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत संपण्याची तारीख. वरचा क्रमांक काळजीपूर्वक झाकून खालच्या ओळी तशाच ठेवलेला पासपोर्ट हा माझ्या टेबलावरचा नेहमीचा पाहुणा. कार्डांवरच्या क्यूआर कोडचं आणि बारकोडचंही तसंच. आपल्याला तो वाचता येत नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण आत काय आहे ते फोन एका क्षणात सांगतो. प्रत देणं टळतच नसेल तर तिच्यावर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, कुठल्या तारखेला. नेदरलँड्सच्या सरकारने तर याच कामासाठी ‘कोपीआयडी’ नावाचं अॅप काढलंय. त्यात ओळखपत्राच्या फोटोवरचा नागरिक क्रमांक खोडता येतो आणि प्रतीचा उद्देश त्यावर उमटवता येतो.

आकडे झाकताना दर वेळी तेच झाका. एका कागदावर शेवटचे चार दाखवले, दुसऱ्यावर पहिले बारा, तर दोन्ही एकाच माणसाच्या हाती पडले की सोळा पूर्ण. कार्डाच्या क्रमांकाबाबत तर हिशेब आणखी आवळतो. पहिले सहा आणि शेवटचे चार दिसत असतील तर मधल्या सहा आकड्यांच्या १० लाख शक्यता उरतात. पण कार्डाचा शेवटचा आकडा लून नावाच्या ठरलेल्या सूत्राने आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो. ते सूत्र लावलं की १ लाखच उरतात. म्हणून शेवटचे चार, नेहमी शेवटचेच चार.

याला मर्यादा आहे, तीही सांगते, नाहीतर माझ्या भरवशावर कुणाचा तरी अर्ज परत येईल. कर्ज देणाऱ्या संस्थांना बहुधा बँकेने दिलेली मूळ फाइल हवी असते. त्या फाइलवर डिजिटल सही असेल तर एक चौकोन काढला तरी सही मोडते, आणि चित्र करून पाठवलं तर सही उरतच नाही. तिथे झाकलेला कागद म्हणजे फेरफार केलेला कागद, असाच अर्थ घेतला जातो. अशा वेळी मूळ फाइलशी झटापट करू नका, दुसरा कागद मिळतो का बघा. नोकरीच्या ठिकाणचं पगाराचं पत्र, बँकेचं खाते असल्याचं किंवा शिलकीचं प्रमाणपत्र. जो कागद मुळात तेवढंच सांगायला बनवलाय, त्यात झाकण्यासारखं फारसं नसतं. तेही चालणार नसेल तर सगळं द्यावं लागतं, पण संस्थेच्या स्वतःच्या पोर्टलवर द्या. ‘जरा व्हॉट्सअॅप करा ना’ म्हणणाऱ्या एजंटच्या फोनवर नाही.

आणि आता माझ्याच बाजूच्या लोकांना चार शब्द. हा सगळा खटाटोप अर्जदारांना करावा लागतो, कारण आपण ‘सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडा’ असं छापून मोकळे होतो. ‘शेवटच्या तीन पगारांच्या नोंदी दिसतील अशी पानं जोडा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरे, बाकी झाकलं तरी चालेल’ असं लिहायला कितीसा वेळ लागतो? आमच्या फॉर्मवर ही ओळ घालावी म्हणून मी मागे लागले, तर पहिला आक्षेप आला की ‘पुढे लागलं तर?’ लागलं तर मागू. अर्जदाराचा फोन नंबर असतोच की आपल्याकडे.