सामानाच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यांनो!

अवो, मेसेज फॉरवर्ड करा की, स्क्रीनशॉट कशाला? फोटोतलं मेसेजसारखं सरळ कॉपी तरी होतंय का? मग मी मॉलच्या दारात उभा राहून डाळी एकीकडं, साबण एकीकडं, भाजी खाली असं सगळं परत टायपत बसायचं. त्यात आईचं वर 'शेंगदाणे 1 किलो' आणि खाली वहिनींचं 'शेंगदाणे अर्धा', मग दीड किलो घेऊ, का वहिनींनी वरचं वाचलंच नाही? बेरीज करू का एक खोडू? 'तेल' म्हणजे खायचं का डोक्याचं? आणि 'कांदा लसूण'! कोल्हापुरात हे भाजीत शोधू का मसाल्यात चटणीच्या पुड्यात? फोन केला तर म्हणे, "ग्रुपवर टाकलंय की, वाचता येत नाही व्हय?"