खारं पाणी, जिप्सम आणि गामा: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «सर, मिठाच्या पाण्यात जिप्सम जास्त विरघळतं असं तुम्ही लिहिलंत. मिठात ना कॅल्शियम, ना सल्फेट. विद्राव्यता गुणाकार, म्हणजे Ksp, ठरलेला असताना विद्राव्यता वाढेल कशी? गणित जुळेना म्हणून तुम्ही गामा नावाचा आकडा मागून घुसवला. बारावीच्या पोरांना आम्ही संहती टाकूनच उत्तर काढायला शिकवतो आणि ते बरोबर येतं. हे तर उत्तर पाहून गणित करणं झालं.»

नमस्कार सर,

आधी माझी चूक सांगतो. गोड्या पाण्यात Ksp वरून काढलेली विद्राव्यता आणि मोजलेली विद्राव्यता यांतला सगळा फरक मी गामाच्या, म्हणजे ॲक्टिव्हिटी गुणांकाच्या, खात्यावर टाकला होता. ते खरं नाही. त्यातला मोठा वाटा दुसऱ्याच गोष्टीचा आहे आणि तो मी गाळला. पण गामा मागून घुसवलेला नाही.

तुमच्या प्रयोगशाळेत दोन दिवसांत होईल असा प्रयोग आहे. आमच्या गावात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जिप्सम शेतकऱ्याच्या घरी पोत्यानं मिळतं, पण त्यात माती असते, म्हणून प्रयोगाला शुद्ध कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट घ्या. ऊर्ध्वपातित पाण्यात ते भरपूर टाकायचं, तळाशी पांढरा थर उरलाच पाहिजे. दिवसभर अधूनमधून ढवळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी गाळायचं. गाळलेलं १० मिली घेऊन सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच १२ च्या वर न्यायचा, पॅटन-रीडर सूचक टाकायचा आणि ०.०१ मोलर ईडीटीएनं टायट्रेशन करायचं. सोय अशी की ब्युरेटमधला प्रत्येक मिली म्हणजे लिटरमागे १ मिलिमोल कॅल्शियम.

आता तुमच्या रीतीनं आधी उत्तर काढू. जिप्समचा Ksp २५ अंशाला साधारण ०.००००२६. वर्गमूळ ०.००५१, म्हणजे ५.१ मिलिमोल. ब्युरेट ५ मिलीला थांबायला हवं. ते थांबत नाही. ५ झाले, १० झाले, द्रावण अजून दारूसारखं लाल. निळा रंग येतो तो १५ च्या जवळ. हिशेबाच्या तिप्पट! मी पहिल्यांदा केलं तेव्हा ईडीटीए पातळ झालंय असं समजून नवं बनवलं होतं. उत्तर तेच आलं.

फरक कुठून येतो? Ksp च्या मूळ व्याख्येत संहती नाहीच, ॲक्टिव्हिटी आहे: Ksp = a(Ca²⁺) × a(SO₄²⁻). ॲक्टिव्हिटी म्हणजे आयन समतोलात प्रत्यक्ष जेवढा परिणामकारक ठरतो तेवढी त्याची मात्रा, गामा गुणिले संहती. कॅल्शियमच्या आयनाभोवती सरासरीनं ऋण आयनांची गर्दी जास्त असते, सल्फेटभोवती धन आयनांची. या वेढ्यात आयनाची ऊर्जा उतरते, त्याला द्रावणात राहणं सोपं जातं आणि स्फटिकात परतण्याची ओढ कमी होते. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी हा वेढा किती मोलाचा ते गणितानं काढलं. डेव्हिस यांनी त्याचं वापरायला सोपं रूप दिलं:

log γ = −0.51 z² [ √I/(1+√I) − 0.3 I ]

I म्हणजे आयनिक स्ट्रेंथ. प्रत्येक आयनाची संहती गुणिले त्याच्या भाराचा वर्ग, त्यांची बेरीज आणि तिचं निम्मं. भाराचा वर्ग दोनदा येतो, एकदा I मध्ये आणि एकदा z² मध्ये, म्हणून +२ आणि −२ वाले आयन इतके बिघडतात.

मोकळे आयन १०.६ मिलिमोल धरले तर I ०.०४२ येतो आणि गामा ०.४८. ५.१ ला ०.४८ नं भागा, परत १०.६ च्या आसपास येतं, म्हणजे गणित स्वतःशी जुळलं. उरलेला वाटा मी गाळलेल्या गोष्टीचा: काही कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना चिकटून भाररहित आयनजोडी बनवतात. ती सुमारे ५.३ मिलिमोल असते, आणि ईडीटीए जोडीतलंही कॅल्शियम ओढून घेतो. बेरीज १५.९, ब्युरेट सांगतं १५. म्हणजे ढोबळ मानानं तिसरा हिस्सा तुमच्या गणिताचा, तिसरा गामाचा, तिसरा जोडीचा.

आता जिप्सम टाकण्याआधी पाण्यात लिटरमागे ५.८ ग्रॅम मीठ घाला आणि तोच प्रयोग करा. I ०.१६ पर्यंत चढतो, गामा ०.३३ वर येतो, मोकळे आयन १५.७ होतात. Ksp जागचा हलला नाही, म्हणून भाररहित जोडीही ५.३ च्या जवळच राहते. बेरीज २१, आणि निळा रंग २१ मिलीच्या आसपासच येतो. मिठात कॅल्शियम नाही हे खरं, पण वेढा घालायला सोडियम आणि क्लोराइडही चालतात.

सूत्रातला ०.५१ हा पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, तापमान आणि इलेक्ट्रॉनचा भार यांतून निघतो, जिप्समकडे पाहून बसवलेला नाही. ०.३ मात्र प्रयोगांवरून बसवलेला आहे, तेवढं तुमचं म्हणणं मान्य, पण तोही इतर क्षारांच्या मोजमापांवरून. तुमच्या पोरांचं उत्तर बरोबर येतं कारण उदाहरण सिल्व्हर क्लोराइडचं असतं. तिथे संहती ०.००००१३, गामा ०.९९६. चूक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. रीत तीच जिप्समला लावली की तिप्पट चुकते.

माझ्या सूत्राचीही हद्द आहे. डेव्हिसचं समीकरण I ०.५ पर्यंतच धरावं. ३ मोलर मिठाला लावलं तर गामा ३.५ येतो आणि जिप्सम गोड्या पाण्यापेक्षाही कमी विरघळेल असं ते सांगतं. प्रत्यक्षात तिथेच विद्राव्यता जवळजवळ सर्वांत जास्त, गोड्या पाण्याच्या साडेतीन पटीच्या आसपास असते, आणि मीठ त्याहून वाढलं की उतरू लागते. सूत्र हद्दीबाहेर गेल्याची खूण हीच: गामा झपाट्यानं चढून १ च्या वर जातो आणि उत्तर मोजमापाच्या उलट दिशेला जातं.

खूप घट्ट द्रावणात गामा खरोखरही चढतो, पण त्याचं कारण वेगळं. संपृक्त मिठाच्या पाण्यात मिठाच्या एका जोडीमागे पाण्याचे जेमतेम नऊ रेणू उरतात आणि त्यातले बरेच आयनांभोवती अडकलेले असतात. मग पाण्याची स्वतःची ॲक्टिव्हिटी १ राहत नाही, ०.७५ होते. हे तुम्ही दर पावसाळ्यात पाहता. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की डब्यातलं मीठ पाणावतं. जिप्समच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असल्यानं समतोलात या ०.७५ चा वर्ग येतो, ०.५६. इतक्या घट्ट पाण्याला पिट्झरची समीकरणं लागतात, आणि ती हातानं सोडवायची नसतात.

शेतातल्या पाण्याबद्दल शेवटी, कारण तुमची शंका तिथूनच निघाली असावी. विहिरीच्या पाण्याची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, २ डेसीसायमन प्रति मीटर असेल तर I साधारण ईसी गुणिले ०.०१३, म्हणजे ०.०२६. क्षार नुसतं मीठच असेल तर जिप्सम आठव्या हिश्श्यानं जास्त विरघळेल. पण त्या पाण्यात सल्फेट असेल तर समान आयनामुळे उलट कमी विरघळतं, आणि बायकार्बोनेट असेल तर सुटलेलं कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं. तुमच्याकडे विहिरीच्या पाण्याचा अहवाल असेल तर क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट आणि ईसी एवढे चार आकडे कळवा. त्याच पाण्यावर पुढचा हिशेब मांडतो.