सोनोग्राफीचा फोटो मॅनेजरला कशाला?

"महिला कर्मचाऱ्यांसाठी महत्त्वाचं!! मिसकॅरेज झालं तर – १) मॅनेजरला खरं कारण सविस्तर सांगून रिपोर्ट पाठवावाच लागतो, नाहीतर रजा नामंजूर. २) तीन महिन्यांच्या आत झालं असेल तर वेगळी रजा नाही, सिक लीव्ह वापरा. ३) रजा घेतलीच तर पुढच्या बाळंतपणाच्या रजेतून वजा होते. ४) प्रेग्नन्सी आधी कळवली नसेल तर काहीच मिळत नाही. ५) बरं वाटलं की लगेच जॉइन व्हा, रेकॉर्ड चांगलं राहतं. सर्व मैत्रिणींना पाठवा."

पाठवलंच कुणीतरी. माझ्या मावसबहिणीला, क्युरेटिंग होऊन दुसऱ्या दिवशी, आणि तेही घरच्याच ग्रुपवरून. मी संध्याकाळी भेटायला गेले तर ही पलंगावर बसून सरांना मेसेज टाइप करतेय, चांगले चार परिच्छेद, नववा आठवडा होता, हार्टबीट नव्हते, गोळ्यांनी झालं नाही म्हणून क्युरेटिंग करावं लागलं, सॉरी सर रिलीजच्या टायमाला असं झालं, आणि खाली सोनोग्राफीचा फोटो जोडलेला. पाठवायचंच बाकी होतं. मी फोन काढून घेतला. मी पगारपत्रकाचं काम करते, अशा रजांचे कागद माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे हे लिहिणं मला भागच आहे.

पहिल्या मुद्द्यावरच माझं डोकं जास्त फिरलं. मातृत्व लाभ कायदा १९६१, कलम ९. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, पण या तरतुदी तिथेही त्याच आहेत; इथे दिलेले कलमांचे नंबर जुन्या कायद्यातले. मिसकॅरेज झालं तर त्या दिवसाच्या लगेच पुढचे सहा आठवडे पगारी रजा, आणि त्यासाठी ठरलेला पुरावा द्यायचा. पुरावा म्हणजे डॉक्टरांचं सर्टिफिकेट. त्यावर नाव, मिसकॅरेज झाल्याचं एक वाक्य, तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. बास. सोनोग्राफी नको, डिस्चार्ज कार्ड नको, कितवी खेप, आधी काय झालं होतं, काही नको. आणि हा कागद कंपनीला द्यायचा असतो, म्हणजे एचआरला. टीम लीडच्या व्हॉट्सअॅपवर तो फोटो गेला की पुढे कुठे जाईल ते तुम्ही थांबवू शकत नाही.

आता एक कबूल करते, नाइलाजाने. कुणालाच काही कळू न देता ही सहा आठवड्यांची रजा मिळत नाही. एचआरमधल्या एका माणसाला तरी कारण कळणारच, कारण पुराव्याशिवाय कलम ९ लागत नाही. ज्या बाईला तेही नको असेल तिने साध्या वैद्यकीय सर्टिफिकेटवर सिक लीव्ह घ्यावी, कुणी अडवत नाही, पण मग ती स्वतःच्या शिल्लक रजेतून जाते हे माहीत असू दे. बहिणीने ठरवलं की एचआरला कळलं तर चालेल, सरांना नको. मग सरांना गेलेला मेसेज एवढाच:

"सर, तब्येतीच्या कारणाने मी ४ मार्च ते १४ एप्रिल रजेवर आहे. कायद्यानुसार मिळणारी रजा आहे, कागदपत्रं एचआरकडे दिली आहेत. चालू कामाची यादी टीमच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. या काळात मी कॉल आणि मेसेज बघणार नाही. कारण वैयक्तिक आहे, टीममध्ये त्यावर चर्चा नको ही विनंती."

सॉरी काढून टाकला. तिला तो ठेवायचा होता, मी भांडले.

एचआरला वेगळा मेल, सर्टिफिकेट जोडून, आणि विषयाच्या ओळीत फक्त "रजा अर्ज". विषय लोकांना नोटिफिकेशनमध्ये दिसतो, कोण शेजारी बसलंय कुणास ठाऊक. त्याच मेलमध्ये एक ओळ घातली की पोर्टलवर रजेचा प्रकार टीमला दिसू नये. हे महत्त्वाचंय हं! बऱ्याच ठिकाणी पोर्टलच्या कॅलेंडरवर नावासमोर रजेचा प्रकारच येतो, तुम्ही मेसेजात कितीही झाकलं तरी तिथे सगळ्यांसमोर छापलेलं असतं. आणि आपल्याकडे सर्टिफिकेटवर मराठीत "गर्भपात" लिहिलं की दोन्ही अर्थ निघतात, आपोआप झालेला आणि करून घेतलेला, मग कुजबुज सुरू. कलम ९ दोन्हीला सारखंच लागू आहे, कायदेशीररीत्या केलेला असला की झालं, त्यामुळे त्या कुजबुजीला रजेपुरता काही अर्थ नाही.

तारखांचा घोळ मात्र खरोखर होतो. बहिणीच्या सोनोग्राफीत हार्टबीट नाहीत हे २७ फेब्रुवारीला कळलं, क्युरेटिंग झालं ३ मार्चला. कायद्यात मिसकॅरेज म्हणजे गर्भाशयातलं बाहेर पडणं, सोनोग्राफीत कळणं नव्हे. म्हणून मोजणी ३ मार्चच्या पुढच्या दिवसापासून. मार्चचे अठ्ठावीस, एप्रिलचे चौदा, झाले बेचाळीस, रविवार आणि सुट्ट्या धरून. २७ पासून ३ मार्चपर्यंतचे दिवस सिक लीव्हमध्ये गेले. सर्टिफिकेटवर सोनोग्राफीची तारीख पडली असती तर शेवटचे चार दिवस गेले असते, म्हणून कागद हातात आला की आधी तारीख बघा आणि चुकली असेल तर तिथेच बदलून घ्या. नंतरही रक्तस्राव थांबला नाही किंवा परत क्युरेटिंग लागलं तर कलम १० आहे, सर्टिफिकेटवर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा.

बाकीचं पटकन. कायद्यातली व्याख्या सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच्या कुठल्याही काळासाठी आहे, खालची मर्यादाच नाही, त्यामुळे तीन महिन्यांचं ते कुणीतरी मनाने घातलंय. पुढच्या बाळंतपणातून वजा करणं हे तर कुठेच लिहिलेलं नाही. आगाऊ कळवण्याची नोटीस बाळंतपणाच्या रजेसाठी असते, आणि तिथेसुद्धा नोटीस दिली नाही म्हणून हक्क जात नाही असं कलम ६ मध्येच स्पष्ट म्हटलंय.

आणि ते "रेकॉर्ड चांगलं राहतं"! कलम ४ काढून वाचा. मिसकॅरेजनंतरच्या सहा आठवड्यांत मालकाने जाणूनबुजून त्या बाईला कामावर ठेवायचं नाही, आणि त्या बाईनेही त्या काळात कुठल्याही आस्थापनेत काम करायचं नाही. सवलत नाही ही, मनाई आहे. लवकर जॉइन होऊन चांगलं रेकॉर्ड म्हणे. "घरून फक्त एक कॉल घे" हेही कामच.

कुठे लागू नाही तेही सांगते, नाहीतर मीही एक फॉरवर्डच लिहिलं असं व्हायचं. दुकान-ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील तर हा कायदा सहसा लागत नाही. पगार २१,००० पर्यंत असून ईएसआय कापलं जात असेल तर सहा आठवड्यांचे पैसे ईएसआयकडून येतात, आणि कागदही तिकडेच द्यायचे. केंद्र सरकारच्या नोकरीत नियम वेगळे, अख्ख्या नोकरीत मिळून ४५ दिवस. आता लागू झालेल्या संहितेतही सहा आठवडे तेच आहेत, तेव्हा "कायदा बदलला" म्हणून कुणी टाळलं तर ऐकू नका.

सरांचा फोन आला पाचव्या दिवशी. तिने उचलला नाही, मग मेसेज आला, "नक्की काय झालंय, सिरियस आहे का?" माणूस वाईट नाही, काळजीनेच विचारलं असेल. तिने लिहिलं, "वैयक्तिक आहे सर, एचआरला कळवलंय, १५ एप्रिलला येते." त्यावर त्यांचा अंगठा आला.